सात, तीन, सव्वीस

राजमतीआक्काचं कधी चुकत नाही, ही गोष्ट तळेवाडीत सगळ्यांना ठाऊक होती. त्यातही ती सगळ्यांत जास्त राजमतीआक्कालाच ठाऊक होती.

निपाणीपासून तीन कोसांवरच्या या गावात ती बाळंतपणं करायची. वयाच्या सतराव्या वर्षी नवरा गेला. दिरांनी माजघराचा कोपरा दाखवला. तो तिने दोन वर्षं सोसला आणि एका सकाळी उठून थेट मिशनच्या इस्पितळात नर्सचं काम शिकायला गेली. जैनाची विधवा, लोकांच्या बाळंतिणींचं रक्त धुणार म्हणून भावकीने बोंब मारली. तीन वर्षांनी, एकोणीसशे पंचवीस साली, ती हातात पेटी घेऊन परत आली, तेव्हा त्याच भावकीतली सून अडली होती. आक्काने पदर खोचला, मूल मोकळं केलं आणि हात धुताधुता सासूला विचारलं, "आता इटाळ कुणाला झाला? मला का तुमास्नी?" त्यानंतर कुणी बोललं नाही. तिच्या देखत तरी नाही.

इस्पितळातून तिने तीन गोष्टी आणल्या: कार्बोलिकचा वास, उकळत्या पाण्याचं वेड आणि वही लिहायची सवय. तिथल्या अमेरिकेच्या डॉक्टरीणबाईंचा दंडक होता की मूल जगात आलं की आधी त्याने रडायचं आणि लगेच नर्सने लिहायचं. आईचं नाव, मुलगा की मुलगी, तारीख, वेळ. आक्का घरी आल्यावरही तसंच इंग्रजी आकड्यांत लिहीत राहिली. शिवाय बापाच्या हातावर एक चिठ्ठी ठेवायची, मराठी आकड्यांत, चावडीवर नोंद करायला. जन्ममृत्यूचं पुस्तक चावडीचा कारकून परशराम याच्याकडे असायचं.

या परशरामाचं आणि तिचं कधी जमलं नाही. तोही न चुकणाऱ्यांपैकीच होता, आणि एका गावात असली दोन माणसं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. परशरामाला आकड्यांचा भरवसा नव्हता. चिठ्ठीवर कुणी आकड्यात तारीख लिहिली की तो पुस्तकात महिन्याचं नाव घालूनच उतरवायचा. "आकडा आज एक सांगतो, उद्या दुसरं सांगतो," तो म्हणायचा. "नाव लिवलं की भांडण मिटलं." आक्का म्हणायची, या माणसाला शाई फुकट मिळते म्हणून एवढं लिहितो.

चाळीस सालचा चैत्र. सकाळचं आक्का दारात तांदूळ निवडत होती, तेवढ्यात जयाबाई आली. पारिसाची विधवा. तोंड सुजलेलं, पण रडून झालेलं.

"आक्का, भूपालदाजींनी कांताचं ठरीवलं," ती म्हणाली. "चिकोडीकडचा बिजवर हाय. आखितीचा मुहूर्त धरलाय."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. मध्ये तीन आठवडेही नव्हते. जयाबाईची कांता शाळेत सहावीला होती, गावात तेवढी शिकलेली दुसरी मुलगी नव्हती. पुढच्या साली सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला बसायचं आणि मास्तरीण व्हायचं, हे तिने आईला आणि आईने आक्काला सांगून ठेवलं होतं. भूपाल हा तिचा चुलता. माणूस वाईट नव्हता. बिनबापाची पोर पदरात आहे, चांगल्या घरी पडली की आपण सुटलो, एवढाच त्याचा हिशेब. पोरीला विचारायचं असतं, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"चौदाच्या आत लगीन लावता येत न्हाय," आक्का म्हणाली. "शारदा कायदा हाय. आन आता तर लगीन लागायच्या आदीच प्रांतसायबाकडनं मनाई आणता येती. कांता आखितीला तेराची. माझ्या हातावर जलमली ती."

"म्याबी त्येच म्हनलं. बेंदूर होऊन आठ दिस झालते, मला काय आठवत न्हाय व्हय? पर दाजी म्हंत्यात, चावडीच्या बुकात मार्च हाय. मार्चमदीच चौदा भरली म्हंत्यात."

आक्काने सूप बाजूला ठेवलं. बेंदूर, बैलांचा सण, जूनच्या अखेरीला येतो, मार्चात नाही. तिने पायांत वहाणा घातल्या आणि जयाबाईला म्हणाली, "चल. त्या परशरामाला आज म्या दाखवतो, बुक कसं लिवायचं त्ये."

परशरामाने पुस्तक काढलं, पान उलटलं आणि बोट ठेवलं. पारिसा याची मुलगी. जन्म ७ मार्च १९२६. नोंद एकोणीसशे सत्तावीसच्या जानेवारीतली. पारिसाला पहिली मुलगी झाल्याचा एवढा आनंद झाला होता की चिठ्ठी सहा महिने आढ्याला खोचून ठेवली होती. देवी टोचणारा गावात आला आणि नोंद विचारू लागला, तेव्हा त्याने ती काढून चावडीवर नेली. पुढे पारिसाच गेला. मुलीची पत्रिका करायचं कुणाला सुचलं नव्हतं. शाळेने दाखल्यावरून तीच तारीख घातली आणि जयाबाईला वाचता येत नव्हतं.

"ह्ये मार्च तुज्या मनातलं," आक्का म्हणाली. "बुकात काय बी खरडतोस आन वर मला शिकवतोस."

परशराम उठला. मनातलं लिहिणारा माणूस तो नव्हताच. त्याने फळीवरून दोऱ्यात ओवलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि एकेक कागद मागे सारत थांबला. "ह्ये तुमचंच अक्षर न्हवं?"

तिचंच होतं. *मुलगी. ७/३/२६. राजमती.*

आक्काने चिठ्ठी हातात घेतली. तिला ती दुपार लख्ख दिसली. वहीत तिने इंग्रजी आकड्यांत लिहिलं होतं, डॉक्टरीणबाई लिहीत तसं: आधी महिना, मग तारीख. सातवा महिना, तिसरी तारीख. मग पारिसाला वाचता यावं म्हणून तीच तारीख चिठ्ठीवर मराठी आकड्यांत उतरवली. आकडे मराठी झाले, पण क्रम अमेरिकेचाच राहिला. परशरामाने आपल्याकडे सगळं जग वाचतं तसं वाचलं: तारीख सात, महिना तिसरा. आणि पुन्हा कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून, आपल्या नेहमीच्या चोखपणाने, आकड्याच्या जागी मार्च लिहिलं. घोटाळा तिथे कायमचा पक्का झाला.

"परशराम," ती हळूच म्हणाली, "तू बरोबर लिवलंस."

एवढ्या वर्षांत परशरामाने तिच्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. आनंद व्हावा की भीती वाटावी, हे त्याला कळेना.

घरी येऊन आक्काने कोनाड्यातल्या वह्या खाली ओढल्या. तिला स्वतःचा इतका राग आला होता की पहिली वही तिने जवळजवळ भिरकावली. अठ्ठावीस साली एक तपासनीस आला होता, तो म्हणाला होता, "बाई, हिंदुस्थानात तारीख आधी लिहितात." त्या दिवसापासून तिने क्रम फिरवला होता आणि वहीतले आकडेही मराठी केले होते. पण गेलेल्या चिठ्ठ्यांचं काय, हे ना त्याने विचारलं ना हिला सुचलं. न चुकणाऱ्या माणसाला मागे वळून बघायची सवय नसते.

गप्प बसणं सोपं होतं. चिठ्ठी तिची हे चावडीत तिघांनाच माहीत होतं. बोलली तर दहा गावांत होणार, की राजमतीला साधी तारीख लिहिता येत नाही, मग तिच्या हातात बाळंतीण कशी द्यायची? संध्याकाळपर्यंत गोष्ट भूपालच्या कानावर गेली आणि तो येऊन तेच सांगून गेला. तोही समजुतीनेच बोलला. "आक्का, तुमी मोठ्या. कशाला आपल्याच हातानं आपल्या तोंडाला काळं लावून घ्याचं? सरकारी बुक हाय, त्येच्या फुडं तुमची वही कोन इच्यारतंय?"

"इच्यारायला लावतो की," आक्का म्हणाली. "आन तोंड माजं हाय, भूपाल. काळं लावायचं का पांढरं, म्या बघतो."

जयाबाईने अर्जावर अंगठा केला. आक्काने तो चिकोडीच्या कचेरीत स्वतः नेऊन दिला. भूपालला नोटीस लागली आणि प्रांतसाहेबांचा मुक्काम निपाणीला होता तिथे, एप्रिलच्या अखेरीस, दोन्ही बाजूंना बोलावणं आलं. निम्मी तळेवाडी बैलगाड्या जुंपून निघाली. लग्न मोडतंय की आक्का मोडतेय, हे बघायला माणसं कुठूनही वेळ काढतात. कांताही आली होती. ती आईच्या मागे उभी होती, वेणी घट्ट, हात घट्ट.

भूपालच्या वकिलाने आधी पुस्तकाचा उतारा ठेवला, मग शाळेचा दाखला. मग चिठ्ठी. जयाबाईची बेंदराची आठवण त्याने फुंकरीसरशी उडवली. आई मुलीच्या बाजूने बोलणारच, म्हणाला. मग त्याने आक्काला उभं केलं.

"ही चिठ्ठी तुम्हीच लिहिली?"

"व्हय."

"त्यावर सात, तीन, सव्वीस लिहिलंय?"

"व्हय."

"म्हणजे सात मार्च?"

"न्हाय. तीन जुलै. म्या महिना आदी लिवला. ज्यांनी मला शिकीवलं त्या अमेरिकेच्या बाई. त्यांच्यात तसंच लिवत्यात. आकडे मराठी केले, क्रम बदलायचा राहिला. चूक माजी."

कचेरीत कुजबुज झाली. वकिलाला हेच हवं होतं. "चूक तुमची. मग आज तुमच्या सोयीने जुलै, उद्या कुणाच्या सोयीने आणखी काही. तुमच्या लिहिण्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"माज्या लिवण्यावर ठिऊच नका," आक्का म्हणाली. तिने पिशवीतून वही काढली. "वहीवर ठेवा. ही शिवल्याली हाय, पान फाडल्यालं न्हाय. लेकरं ज्या दिशी आली त्या दिशी लिवली, एकाखाली एक. वाचा म्हनावं सायबास्नी."

प्रांतसाहेबांनी वही घेतली. वयस्क, कमी बोलणारा माणूस. त्यांनी बोटाने ओळी धरत मोठ्याने वाचलं. "सहा, एकवीस. सहा, तीस. सात, तीन, आई जयाबाई, मुलगी. सात, नऊ. सात, अठ्ठावीस."

ते थांबले. वकिलाकडे बघून म्हणाले, "तुमच्या वाचनाने त्याच्या वरची नोंद सहा तारखेची आहे. तिसाव्या महिन्यातली."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकील वहीवर वाकला. ओळ दोन ओळींच्या मध्ये घुसडलेली आहे का, शाई वेगळी आहे का, हे त्याने पाहिलं. तसं काही नव्हतं. मग तो पानं पुढे उलटत गेला आणि एका जागी त्याचा चेहरा उजळला. "हे बघा, साहेब. इथे सतरा, सहा, अठ्ठावीस. इथे तारीख आधी! म्हणजे बाईंना वाटेल तसं त्या लिहितात. कधी असं, कधी तसं."

"कधी न्हाय," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "त्या पानापतुर असं, त्या पानानंतर तसं. तपासनिसानं सांगितल्यावर बदललं. त्या दिशीची ओळ काढा. त्येच्या वरती एकबी तारीख आदी असंल, तर लगीन लावा पोरीचं, म्या अक्षता टाकायला येतो."

शिरस्तेदाराला वही तपासायला दिली. तो इंग्रजी शिकलेला, घाईचा. पुढच्या एका पानावर बोट ठेवून त्याने विचारलं, "मग हे काय? आठ, चार, तीस. याची पुढची नोंद पाच एप्रिलची. क्रम चुकला की."

आक्काने वाकून पाहिलं. तिथे मराठीत ४/४/३० होतं, पण ओझरत्या हाताने पहिल्या चारचं वरचं तोंड मिटलं होतं. "रावसाहेब, त्यो मराठी चार हाय, इंग्रजी आठ न्हाय. शेजारच्या चाराशी जुळवून बघा. चार, चार. मग पाच एप्रिल." शिरस्तेदाराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि मान डोलावली. प्रांतसाहेबांनीही ते पान स्वतः बघितलं. त्यांनाही क्षणभर आठच दिसला होता, ते तसं म्हणाले.

वकिलाकडे आता एकच बाण उरला होता आणि तो त्याने नेमका सोडला. "बाई, तुमचं खरं धरलं, तर या एकाच मुलीची चूक झाली नसणार. तळेवाडीत आणखी किती मुलांच्या तारखा तुम्ही बिघडवल्यात? की फक्त हीच आज सोयीची म्हणून आठवली?"

मागे बसलेल्यांपैकी प्रत्येकाच्या घरी आक्काच्या हातचं एखादं लेकरू होतं.

आक्काने पिशवीत पुन्हा हात घातला आणि एक कागद काढला. गेले आठ दिवस ती आणि परशराम चावडीत समोरासमोर बसले होते, तो चिठ्ठी वाचायचा आणि ती वही. चिठ्ठी वेळेत आली असेल तिथे काही बिघडलं नव्हतं. चार दिवसांचं पोर कोणत्या महिन्यातलं, हे परशरामाला दिसतच होतं. तारीख बारापुढची असेल तिथे उलट वाचताच येत नव्हती. उशिरा आलेल्या आणि बाराच्या आतल्या चिठ्ठ्या तेवढ्या फसल्या होत्या.

"नऊ," ती म्हणाली. "कांता धरून नऊ लेकरं. नावं हितं हाईत. एकेकाच्या दारात जाऊन म्या सांगनार हाय, तुमच्या पोराची तारीख म्या बिगडीवली. शिव्या खानार. पर ह्या नवातली आठ घरं तारखेनं मोडत न्हाईत, सायेब. ही पोर मोडती. माजी चूक मी भरीन. तिनं का भरायची?"

प्रांतसाहेबांनी कांताला पुढे बोलावलं. काही विचारायचं त्यांना कायद्याने कारण नव्हतं, तरी विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

"मला फायनलला बसायचंय," कांता म्हणाली. एवढंच म्हणाली.

मनाईहुकूम झाला. कांताला चौदा पुरी होईपर्यंत, म्हणजे तीन जुलै एकोणीसशे चाळीसपर्यंत, भूपालने आणि इतर कुणीही तिचं लग्न लावू नये. आता सगळ्यांनाच कळत होतं की तीन जुलैनंतर आषाढ येतो, मग चातुर्मास, आणि कार्तिकापर्यंत मुहूर्त नाही. बिजवराला घरी भाकरी थापायला माणूस हवं होतं. तो कार्तिकापर्यंत कशाला थांबेल? जूनमध्येच त्याने संकेश्वरकडची बायको केली. भूपाल चार महिने आक्काशी बोलला नाही. पाचव्या महिन्यात त्याच्या सुनेचे दिवस भरले, तेव्हा बोलला.

नऊ दारं आक्काने खरंच चढली. भरमूच्या आईने अर्धा तास शिव्या दिल्या, मग चहा दिला. ज्योतिबाच्या बापाने फिस्सकन हसून विचारलं, "मग माजा पोरगा मोठा झाला का ल्हान?" आक्का म्हणाली, "दोन महिने ल्हान. म्हातारपन तेवढं लांबलं." गुणाबाईने मात्र दार लावून घेतलं आणि तिच्या पुढच्या बाळंतपणाला निपाणीहून दुसरी नर्स आणली. ते आक्काला लागलं. तिने ते लपवलं नाही.

पुस्तक दुरुस्त करायचा हुकूम वरून आला, तेव्हा परशरामाने तिला चावडीवर बोलावलं. जुनी नोंद खोडायची नाही, तिच्यावर एक रेघ मारून खालचं वाचता येईल असं ठेवायचं आणि शेजारी नवी लिहायची, हा त्याचा नियम. त्याने रेघ ओढली. समासात लिहिलं: *जन्म ३ जुलै सन १९२६, अक्षरी तीन जुलै एकोणीसशे सव्वीस. लेखनदोषामुळे दुरुस्ती.* खाली त्या दिवसाची तारीखही तशीच, महिना नावाने, साल पुरं. मग पुस्तक तिच्याकडे फिरवलं.

आक्काने दोनदा वाचलं. "लेखनदोष कुणाचा?"

परशराम खाली बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की आक्का. ह्ये बुक आपल्या मागं बी ऱ्हानार. तुमचं नाव कशाला?"

"आपल्या मागं ऱ्हानार म्हनूनच," आक्का म्हणाली. "उद्या कुनीतरी बघंल आन म्हनंल, परशराम कारकुनानं चुकीचं लिवलं. तू बरोबर लिवलंवतंस. घाल माजं नाव."

तो दौतीत टाक बुडवून बसून राहिला.

"घाल म्हनतो न्हवं. नऊच्या नऊ ठिकाणी."

त्याने घातलं. *सुईण राजमती हिने महिना आधी लिहिल्यामुळे.* नऊ समासांत नऊ वेळा. प्रत्येक वेळी ती वाचून बघायची आणि मान हलवायची, आणि नवव्या वेळी परशरामाने डोळे पुसले, शाई उडाली म्हणाला.

पुढच्या साली निपाणीला व्हर्नाक्युलर फायनलचे अर्ज भरून घेत होते. टेबलामागच्या कारकुनाने कांताचा अर्ज वर केला. जन्मतारखेच्या रकान्यात शब्द मावले नव्हते, ते पुढच्या रकान्यात शिरले होते.

"पोरी, इथे नुसते आकडे लिहायचे," तो म्हणाला. "३/७/२६. झालं."

"न्हाय," कांता म्हणाली. "जसं लिवलंय तसंच ऱ्हाऊ द्या."